शब्दचर्चा: ‘मिश्र’, ‘संमिश्र’ की ‘दुहेरी’ अभिसरण?

रेषा: उष्णता वहनाच्या एका पुस्तिकेचं भाषांतर करते आहे. तापलेल्या पृष्ठभागावरून हवा वाहते तेव्हा पंख्याचा जोर आणि गरम हवेचं आपोआप वर चढणं या दोन्ही गोष्टी सारख्याच तोडीच्या असू शकतात. मी त्याला ‘मिश्र अभिसरण’ लिहिलं. तपासनिसांनी ते खोडून ‘संमिश्र’ केलं. कोणता शब्द बरोबर?

वाटसरू: ‘संमिश्र’ नको. संमिश्र संख्या म्हटलं की डोळ्यांपुढे वेगळंच काही येतं. आणि खरं तर तिसरा शब्द लागतच नाही. प्लावक बल भागिले जडत्व, हे गुणोत्तर १ पेक्षा मोठं आलं तर नैसर्गिक, लहान आलं तर सक्तीचं. संपलं.

मोरपीस: तिथेच गफलत होते, वाटसरू. १ ही सीमारेषा नाही, तो पट्ट्याचा मध्य आहे. साधारण ०.१ च्या खाली प्लावक बल सोडून देता येतं, १० च्या वर पंखा विसरता येतो, आणि मधल्या पट्ट्यात दोन्ही धरावी लागतात. ते आकडेही ठोकताळेच. एक उभी पट्टी घ्या: उंची ०.३ मीटर, तापमान ७० अंश, हवा ३० अंश. तुमचं ते गुणोत्तर म्हणजे Ri; त्यात g गुरुत्वत्वरण, β हवेचा प्रसरण गुणांक, ΔT तापमानातला फरक, L उंची आणि U हवेचा वेग.

Ri = g β ΔT L / U²

सरासरी ५० अंश, म्हणजे ३२३ केल्विन, म्हणून β = १/३२३. वरचा भाग ०.३६ येतो. वारा सेकंदाला २ मीटर असेल तर Ri ०.०९, म्हणजे सक्तीचं. ०.१५ मीटर असेल तर १६, म्हणजे नैसर्गिक. अर्धा मीटर असेल तर १.५, आणि रेषाताईंना शब्द हवा आहे तो इथे.

काठावरचा: रिचर्डसन संख्या ना ही? ती हवामानाची. त्यात ०.२५ ची मर्यादा असते, १० कुठून आलं?

मोरपीस: नाव त्याच हवामानशास्त्रज्ञाचं, लुईस फ्राय रिचर्डसन यांचं. पण ०.२५ वातावरणातल्या स्थिर थरांसाठी आहे. खालची हवा थंड, वरची गरम, आणि वाऱ्याच्या वेगातल्या फरकामुळे तो थर ढवळून निघेल का, असा तिथला प्रश्न. इथे उष्णता कोण वाहून नेतंय हे ठरवायचंय. आकडे एकमेकांत घालू नका.

उष्मा: माझी हरकत ‘मिश्र’पेक्षा ‘अभिसरण’ला आहे. अभिसारी श्रेढी, रक्ताभिसरण आणि हे, तिन्हीकडे एकच शब्द! संगणकावर प्रवाह सोडवताना ‘अभिसरणाचं उत्तर अभिसरत नाही’ असं लिहायची वेळ येते. ‘अभि’ म्हणजे कडे, ‘सृ’ म्हणजे सरकणे. गरम हवा कुणाकडे सरकते? ती नुसती वर जाते.

वाटसरू: शाळेपासून रुळलेला शब्द आता बदलणार का? मग ‘सक्तीचं’ही काढा, ‘प्रणोदित’ आणा. मला तर साधं ‘रेट्याचं’ आवडेल. रेटा म्हटलं की पंखा दिसतो.

रेषा: ‘रेट्याचं अभिसरण’ कानाला बरं वाटतं, पण पुस्तिकेत चालेल का?

मोरपीस: शब्द कोणताही घ्या, पण ‘मिश्र’मुळे वाचकाला बेरीज वाटते, ती नेहमी बेरीज नसते. त्याच पट्टीवर अर्धा मीटर वेगाने हवा आली तर उष्णता किती जोमाने निघते ते सांगणारा नुसेल्ट आकडा एकट्या पंख्याचा ५४, एकट्या नैसर्गिकचा ४८. हवा खालून वर जात असेल तर दोन्हींच्या घनांची बेरीज करून घनमूळ काढायचं, उत्तर ६४. वरून खाली सोडली तर घनांची वजाबाकी, उत्तर ३६. म्हणजे पंखा सुरू असूनही उष्णता एकट्या नैसर्गिक प्रवाहापेक्षा कमी जाते! विरोधी प्रवाहात ही वजाबाकी ढोबळच धरा, कारण तिथे प्रवाह पृष्ठभागापासून सुटतो.

उष्मा: मग ‘अनुकूल’ आणि ‘प्रतिकूल’ अशी जोडी हवी. ‘दुहेरी’ तर नकोच.

काठावरचा: माझ्या हिशेबात २ मीटरलाही ०.६ येतंय, म्हणजे मधलाच पट्टा.

मोरपीस: β मध्ये ५० घातलेत. केल्विन हवेत, नाहीतर आकडा साडेसहापट फुगतो आणि सरळ सक्तीचं प्रकरण मधल्या पट्ट्यात जाऊन बसतं.

अनामिक१२: आमच्या कंट्रोल पॅनेलमध्ये पंखा वर बसवलाय आणि हवा खाली सोडतो. त्यावर छापलेल्या हवेच्या आकड्यावरून U काढू का?

मोरपीस: नको. तो आकडा समोर काहीच अडथळा नसतानाचा असतो. तारा आणि पट्ट्यांमधून हवेचा वेग बराच उतरतो, आणि सूत्रात वेगाचा वर्ग आहे: वेग निम्मा झाला की Ri चौपट. पट्टीजवळ वेगमापक धरा. आणि Ri ०.३ च्या वर गेला तर पंखा उलटा करून हवा वर सोडता येते का, ते आधी पाहा.

वाटसरू: पण ‘प्रतिकूल’ लिहिलं की प्रवाहच वाईट वाटतो. ‘विरोधी’ का नाही?