मदत हवी आहे: मिन-हीप लावूनही घाईचं काम शेवटी जातंय
नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या वर्कशॉपसाठी कामांचा क्रम लावतोय. लहान नंबर म्हणजे जास्त घाई. समजा कामं 1, 2, 3 आणि अट एकच: 3 झाल्याशिवाय 1 नाही. इन-डिग्री शून्य असलेली कामं `heapq` मध्ये टाकली, तर सुरुवातीला हीपमध्ये 2 आणि 3 असतात, म्हणून क्रम येतो 2, 3, 1. सर्वांत लहान क्रम हाच, मान्य. पण घाईचं 1 शेवटी! 3 च्या मागे कोण अडकलंय, ते हीपला दिसतच नाही.

बाण उलटे करून मोठा नंबर आधी काढला आणि शेवटी यादी उलटवली, की 3, 1, 2 मिळतं. आता घाई सारखी असेल तर लहान आयडी आधी हवा. उलट्या फेरीत `(-priority, -id)` ठेवलं तर चालेल ना, की कुठे फसेल?