मोबाईलचं फुटेज आधी सीएफआर करायचं, की आवाज ताणून भागवायचं?

कट_टू_कट:
मोबाईलची प्रत्येक क्लिप आधी सीएफआर, म्हणजे अथपासून इतिपर्यंत एकाच फ्रेम रेटची करून घ्या, हा सल्ला आता बास करा. रेंडरमध्ये वेळ जातो, फाईल चौपट होते, वर क्वालिटी जाते ती वेगळीच. शेवटी आवाज दोन-तीन सेकंदच सरकतो ना? मग आवाजाचा स्पीड किंचित वाढवा, शेवट जुळवा, विषय संपला. व्हीएफआरचा, म्हणजे बदलत्या फ्रेम रेटचा, उगाच बाऊ केलाय.

शटर_स्पीड:
शेवट जुळला की मधलंही जुळतं, हे तुम्ही कशावरून धरलंत? असं वाचून लोक अख्खं प्रोजेक्ट बिघडवतात आणि मग निस्तरायला दुसऱ्याकडे आणतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझ्याकडे आलेली एक क्लिप घ्या. बंद सभागृहातलं भाषण, 20 मिनिटांचं, फोनवर 30 एफपीएस लावलेलं. म्हणजे 36,000 फ्रेम हव्यात. फाईलमध्ये होत्या 35,880. सातव्या मिनिटाला पडद्यावर काही दाखवायला दिवे मालवले आणि 20 सेकंदांनी परत लावले. अंधार झाल्याबरोबर फोनने जास्त प्रकाश घ्यायला फ्रेम रेट 24 वर आणला. त्या 20 सेकंदांत 600 ऐवजी 480 फ्रेम आल्या. हरवलेल्या 120 फ्रेम सगळ्या तिथल्याच.

यात फोनचं काही चुकलं नाही. कुठली फ्रेम कधी दाखवायची ती वेळ फाईलमध्ये लिहिलेली असते आणि प्लेअर ती पाळतो, म्हणून फोनवर ओठ आणि आवाज बरोबर दिसतात. एडिटरने ती वेळ बाजूला ठेवून सरसकट सेकंदाला 30 फ्रेम धरल्या की चित्र 1196 सेकंदांत संपतं आणि आवाज 1200 सेकंद चालतो.

आता तुमचा उपाय लावू. शेवट जुळवायला आवाजाचा स्पीड 100.33 टक्के करावा लागेल. सातव्या मिनिटापर्यंत चित्र मुळात बरोबर होतं. स्पीड वाढवल्यामुळे तिथे आवाज ओठांच्या 1.4 सेकंद आधी येतो. मग अंधाराचे ते 20 सेकंद जातात, चित्र एकदम 4 सेकंद पुढे पळतं, आणि दिवे लागतात तेव्हा आवाज अडीच सेकंद मागे पडलेला असतो. तिथून तो हळूहळू जवळ येत येत शेवटच्या क्षणी जुळतो. म्हणजे सुरुवात आणि शेवट सोडला तर जवळजवळ कुठेच जुळत नाही. एका जागी पडलेला खड्डा अख्ख्या रस्त्यावर पसरवून बुजत नाही.

करायचं ते एवढंच:

```
ffmpeg -i in.mp4 -fps_mode cfr -r 30 -c:v libx264 -crf 16 -g 15 -c:a pcm_s16le out.mov
```

चालताना खालच्या ओळीत `dup=` चा आकडा वाढताना दिसतो. या क्लिपला तो सातव्या मिनिटापर्यंत शून्यावर होता, तिथे 120 पर्यंत चढला आणि पुढे शेवटपर्यंत हलला नाही. फ्रेम कुठे कमी पडल्या होत्या ते तिथेच कळतं. एफएफएमपेग जुनं असेल तर `-fps_mode` ओळखणार नाही, तिथे `-vsync cfr` लिहा.

कट_टू_कट:
हिशोब चोख आहे, पण तुमचा एडिटर जुना असेल. प्रीमियरला व्हीएफआर कळतो. क्लिपच्या सेटिंगमध्ये `Preserve Audio Sync` असतं, ते वेळ पाळतं. मग मी डिस्क का भरू? आणि तुमच्या त्या 120 डुप्लिकेट फ्रेमचं काय? दर चार फ्रेमला एक फ्रेम दोनदा. कॅमेरा फिरत असेल तर चित्र अडखळतं, साध्या डोळ्यांना दिसतं.

शटर_स्पीड:
अडखळतं, मान्य. पण त्या फ्रेम कॅमेऱ्याने घेतल्याच नव्हत्या, त्या कुठून आणायच्या? 30 च्या टाइमलाइनवर मूळ क्लिप वेळ पाळून चालवलीत तरी त्या जागा भरायला एडिटर तेच करणार. प्रीमियरबद्दल तुमचं बरोबर आहे. काम शेवटपर्यंत प्रीमियरमध्येच राहणार असेल आणि सुरुवातीलाच मधल्या दोन-तीन जागी ओठ तपासून घेतले असतील, तर करू नका रूपांतर. पण तीच क्लिप रंगाला किंवा आवाजाला दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये गेली की तिथला हिशोब वेगळा असू शकतो, आणि मग दोघंही आपापल्या जागी बरोबर असूनही काम जुळत नाही.

ध्वनिवेडा:
तुम्ही दोघंही मूळ सोडून भांडताय. व्हीएफआरच्या माथी सगळं मारायची फॅशन झालीय. माझं ऐका. तासाभराची मुलाखत, चित्र फोनवर, आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर. नेमून दिल्याप्रमाणे सीएफआर केलं, `Constant` दिसतंय, तरी तासाच्या शेवटी 5 फ्रेमचा फरक. खरा गुन्हेगार घड्याळ आहे. फोनचं घड्याळ वेगळं, रेकॉर्डरचं वेगळं. सीएफआर करून काडीचा फरक पडत नाही.

मिक्सिंग_डेस्क:
तुमच्या मुलाखतीपुरतं खरं आहे. त्यावरून व्हीएफआर खोटा ठरत नाही. दोन निराळी दुखणी आहेत. घड्याळाचा फरक पहिल्या मिनिटापासून सारख्या गतीने वाढतो. तासाला 5 फ्रेम म्हणजे दर 12 मिनिटांना एक. शटर यांच्या क्लिपचा फरक सात मिनिटं शून्य आणि मग एकदम 4 सेकंद.

ओळखायचं असेल तर फोनचा स्वतःचा आवाज टाकून देऊ नका. आधी रेकॉर्डरचा आवाज त्याच्याशी लावून पाहा, चित्राकडे बघूच नका. दोन आवाजच एकमेकांपासून सरकत असतील तर घड्याळ. ते जुळलेत पण दोन्ही मिळून ओठांशी जुळत नाहीत, तर व्हीएफआर. दोन्ही एकत्रही असतात, तेव्हा आधी सीएफआर करा आणि मग रेकॉर्डरचा आवाज बसवा. उलटं केलंत तर चुकीच्या चित्राला आवाज जुळवत बसाल.

कट_टू_कट:
म्हणजे घड्याळाच्या फरकाला स्पीड बदलायचा, हेच ना? मी पहिल्या पोस्टमध्ये काय म्हणत होतो!

मिक्सिंग_डेस्क:
तुम्ही भलत्याच दुखण्याला ते औषध देत होता. आणि इथेही ते वाटतं तितकं सरळ लागत नाही. 5 फ्रेम म्हणजे 0.0046 टक्के. बऱ्याच एडिटरांत स्पीडला दशांशानंतर दोनच आकडे घेतात, म्हणजे तुम्ही टाकलेलं 100 च राहतं आणि तुम्हाला वाटतं जुळवलं. एक तर ऑडिओ सॉफ्टवेअरमध्ये नेमकी लांबी देऊन ताणा, नाही तर 12-12 मिनिटांनी शांत जागा बघून कापा आणि एकेक फ्रेम सरकवा. मुलाखतीत शांत जागा मिळतात.

ध्वनिवेडा:
कापाकापी मी करणार नाही. खोलीचा आवाज तुटतो, हेडफोन लावला की ऐकू येतं. आणि नेहमी रेकॉर्डरनेच का माघार घ्यायची? चित्र ताणा की! माझा रेकॉर्डर फोनपेक्षा नेमका चालतो.

मिक्सिंग_डेस्क:
नेमका चालत असेल, पण चित्र ताणायचं तर फ्रेम टाकाव्या किंवा दुपटाव्या लागतात आणि त्या दिसतात. आवाजातला 0.0046 टक्के कुणालाच ऐकू येत नाही. कापल्यावर दोन्ही टोकांना छोटा क्रॉसफेड द्या, खोली तुटत नाही. हे रोजचं काम आहे माझं.

ध्वनिवेडा:
रोजचं काम माझंही आहे. संगीताच्या रेकॉर्डिंगला हे लावून दाखवा, मग बोलू.

मिक्सिंग_डेस्क:
संगीताला कापू नका, तिथे ताणाच. मी मुलाखतीबद्दल बोलत होतो, कारण तुम्ही मुलाखत सांगितलीत.

फळा_आणि_खडू:
तुमचं रेकॉर्डरचं चालू द्या, माझं जरा वेगळं आहे. मी फोनच्या स्क्रीनचं रेकॉर्डिंग करून धडे बनवते. हा धागा वाचून सीएफआर केलं तर चित्र धावतच सुटलं! आवाज अर्ध्यात असतानाच चित्र संपून शेवटच्या फ्रेमवर थांबतं. आधी निदान बघण्यासारखं तरी होतं. मी हे लिहिलं होतं:

```
ffmpeg -r 30 -i dhada.mp4 dhada_cfr.mp4
```

शटर_स्पीड:
ताई, `-r 30` हे `-i` च्या आधी आलंय. तिथे त्याचा अर्थ होतो की फाईलमधल्या वेळा विसर आणि प्रत्येक फ्रेम एक तीसांश सेकंदाची धर. म्हणजे एडिटर जी चूक करतो तीच तुम्ही हाताने करून घेतलीत. `-r 30` हे `-i dhada.mp4` च्या नंतर आणि नव्या फाईलच्या नावाआधी लिहा. स्क्रीन रेकॉर्डिंगमध्ये हे फार जोरात दिसतं, कारण स्क्रीन हलत नाही तेव्हा बरेच फोन नवी फ्रेम लिहीतच नाहीत. त्यामुळे `dup` चा आकडा हजारांत गेला तरी घाबरू नका. स्थिर स्क्रीनवर त्या फ्रेम दिसणारही नाहीत.

रेंडर_चालूये:
कमांड नको म्हणून हँडब्रेक वापरतो. फ्रेम रेट 30 निवडला, तरी मीडियाइन्फो `Variable` च दाखवतो. हँडब्रेक बिनकामाचं आहे.

शटर_स्पीड:
खाली `Peak Framerate` निवडलेलं असेल, बऱ्याच तयार प्रीसेटमध्ये तेच असतं. ते फक्त वरची मर्यादा घालतं. `Constant Framerate` करा.

कट_टू_कट:
ठीक आहे, माझीच एक फाईल घेऊन पाहिली. संध्याकाळी काढलेलं शूटिंग, `dup=90` आलं, आणि आकडा चढला तो शेवटच्या भागात उजेड गेल्यावरच. म्हणजे मधल्या भागात मी आवाज उगाच ताणत होतो, तेवढं मान्य. पण सरसकट प्रत्येक क्लिप बदला, हे मला अजून पटत नाही. दहा सेकंदांच्या क्लिपला कशाला? आणि आयफोनवाल्यांना `Auto FPS` बंद करायला सांगा, म्हणजे मूळच सुटेल.

शटर_स्पीड:
दहा सेकंदांच्या क्लिपला मीही करत नाही. लांबलचक सलग शूटिंग आणि समोर बोलणारा माणूस, एवढ्यासाठीच हट्ट आहे माझा. `Auto FPS` बंद केलं की अंधारातली ही 24 वरची उडी जाते, पण त्या बदल्यात अंधारातलं चित्र जास्त दाणेदार येतं. आणि बंद केल्यावरही प्रत्येक फ्रेम अगदी सारख्या अंतरावर पडेलच असं नाही, त्यामुळे तपासावं लागतंच:

```
ffmpeg -i in.mp4 -vf vfrdet -an -f null -
```

शेवटी `VFR:` पुढे येणारा आकडा नेमका शून्य असेल तरच क्लिप तशीच टाइमलाइनवर घ्या. फ्रेम रेट किती वेळा बदलला एवढंच तो मोजतो, त्यामुळे माझ्या क्लिपसारखी एकच उडी असली तरी तो शून्याजवळच राहतो.

ध्वनिवेडा:
आणि त्या दाणेदार चित्रावर नॉईज रिडक्शन लावत कोण बसणार? माझं मत, दिवे मालवायचेच असतील तर तिथे फोन लावूच नका.

कट_टू_कट:
दिवे मालवायचे की नाही हे आपल्याला कोण विचारतं! ते सोडा, शटर, एक सांगा. माझं त्या फाईलवर अर्धं एडिट झालंय. आता मूळ फाईलच्या जागी सीएफआर जोडली तर कट जागेवर राहतील का?

शटर_स्पीड:
उजेड होता तोवरचे राहतील, तिथे फ्रेमची मोजणी दोन्हीकडे सारखीच आहे. अंधार सुरू झाल्यापासून पुढचे सगळे सरकतील. कुठे किती ते `dup` चढत जाईल तसं बदलेल, त्यामुळे 90 चा आकडा सगळ्यांना लावू नका. ताणलेला आवाज आधी 100 टक्क्यांवर आणा, मग त्या भागातले कट ओठ बघून एकेक करून हातानेच बसवा.