फेब्रुवारीत बुडालेलं गिऱ्हाईक डिसेंबरच्या ताळेबंदात कसं?

मेघना:
नमस्कार मंडळी, लिस्टवर अकाउंट्सवाले बरेच आहेत म्हणून विचारते. आमचं वर्ष 31 डिसेंबरला संपतं आणि आकडे बोर्डापुढे 20 मार्चला जायचेत. एका गिऱ्हाईकाकडून 40 लाख येणं होतं, त्यावर आम्ही 2 लाखांची प्रोव्हिजन धरली होती. 10 फेब्रुवारीला त्या कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला, हाती फार तर 10 लाख येतील म्हणतात. ऑडिटर म्हणतो उरलेला तोटा डिसेंबरच्याच आकड्यात घ्या. म्हणजे आमचा 50 लाखांचा नफा 22 वर येतो. पण घटना तर फेब्रुवारीतली आहे ना, मग ती पुढच्या वर्षाची का नाही? साहेबांना काय सांगू तेच कळत नाहीये.

अजित काका:
मेघना, ऑडिटर बरोबर आहे. नियम सोपा आहे, ऑडिटरची सही व्हायच्या आधी जे वाईट कळलं ते सगळं आकड्यात घ्यायचं आणि जे चांगलं कळलं ते सोडून द्यायचं. आम्ही बँकेत वर्षानुवर्षं तसंच करत आलो, त्यात कधी फसलो नाही.

वंदना:
आमच्याकडे पण हेच झालं, डिसेंबरचं विजेचं बिल जानेवारीत आलं आणि आम्ही ते डिसेंबरलाच टाकलं. तसंच ना हे?

सुहास:
वंदनाताई, तुमचं थोडं वेगळं आहे. वीज डिसेंबरमध्ये वापरून झाली होती, देणं तेव्हाच उभं राहिलं, कागद फक्त उशिरा आला. मेघनाचा प्रश्न असा की नंतर घडलेल्या गोष्टीवरून आधीच्या तारखेचा अंदाज बदलायचा का.

अजितकाका, मेघनाच्या केसमध्ये उत्तर तुमचंच येतं पण कारण ते नाही. वाईट-चांगलं हा निकष नाहीये. आयएएस 10 मध्ये विचारायचा प्रश्न एकच, ती परिस्थिती 31 डिसेंबरला होती का? नंतरच्या घटनेने तिचा फक्त पुरावा हाती आला असेल तर आकडे बदलतात, आणि परिस्थितीच नंतर तयार झाली असेल तर आकडे तसेच ठेवून मोठी गोष्ट असेल तर खाली टीप लिहायची. मेघना, तुझं गिऱ्हाईक काही 10 फेब्रुवारीला सकाळी गरीब झालं नाही. पैसे संपतात आधी, अर्ज होतो नंतर. म्हणून दिवाळखोरी हा बहुतेक वेळा जुन्या दुखण्याचा दाखला धरतात. 40 पैकी 10 येणार, म्हणजे तोटा 30, त्यातले 2 आधी धरलेत, आणखी 28 घ्यायचे. ऑडिटरचा 22 चा आकडा तिथून आलाय.

आणि चांगल्या बातमीलाही हाच नियम. म्हणजे समजा हेच गिऱ्हाईक तुम्ही डिसेंबरला बुडीत धरलं असतं आणि जानेवारीत त्याने पूर्ण पैसे भरले असते, तर ती प्रोव्हिजन काढावीच लागली असती.

प्रसाद:
मग माझ्याकडे सरळ चूकच झालीय बहुतेक. कामावरून काढलेल्या एका माणसाने सप्टेंबरमध्ये केस केली, आम्ही डिसेंबरला 7 लाख धरले, फेब्रुवारीत कोर्टाने 12 लाख द्यायला लावले. आमच्या मॅनेजरने हट्टाने टीप लिहून सोडून दिलं, म्हणे निकाल या वर्षीचा. मी तेव्हा गप्प बसलो, अजून मनाला लागून राहिलंय ते.

सुहास:
प्रसाद, आकडे मंजूर व्हायच्या आधी निकाल आला असेल तर 12 च धरायला हवे होते. माणसाला काढलं डिसेंबरच्या आधी, देण्याचं मूळ तिथे आहे, कोर्टाने फक्त आकडा सांगितला. आणि 5 लागले असते तर प्रोव्हिजन कमी करायची. मंजुरी म्हणजे बहुतेक कंपन्यांत बोर्डाने आकडे बाहेर द्यायला हो म्हटलं ती तारीख बरं का, भागधारकांच्या सभेची नाही. त्यानंतर निकाल आला असेल तर या नियमाच्या कक्षेतच येत नाही.

मेघना:
सुहासदादा, खूप उपकार झाले, पण एक गोष्ट मी लिहायची राहिली आणि ती महत्त्वाची असू शकेल. 20 जानेवारीला त्यांच्या कारखान्याला मोठी आग लागली होती. साहेबांचं म्हणणं तेच आहे, की आग लागली म्हणून बुडाले.

सुहास:
अगं, हे पहिल्याच मेलमध्ये हवं होतं! सगळं उलटू शकतं यानं. गिऱ्हाईक डिसेंबरपर्यंत वेळेवर पैसे देत होतं, धंदा नीट होता आणि आगीनेच संपलं असेल, तर 31 डिसेंबरला ते येणं चांगलंच होतं. मग नफा 50 च राहतो, टिपेत आगीची घटना आणि अंदाजे 30 लाख बुडू शकतात हे लिहायचं, तोटा पुढच्या वर्षात. 2 लाखांची प्रोव्हिजन म्हणजे भविष्याचाच अंदाज असतो हे खरं, पण तो 31 डिसेंबरला जे कळू शकत होतं त्यावरचा, आणि 20 जानेवारीची आग त्या दिवशी कुणालाच कळू शकत नव्हती.

आता सांग, 40 लाखांतली बिलं कधीची आहेत?

मेघना:
25 लाख ऑगस्टचे, मुदत ऑक्टोबरलाच संपलेली, आम्ही तीन स्मरणपत्रं पाठवलीत. 15 लाख डिसेंबरचे, त्यांची मुदत जानेवारी अखेर होती.

अजित काका:
मग आग हे निमित्त! ऑक्टोबरपासून जो पैसे देत नाही तो आजारीच होता. 28 घ्या आणि मोकळे व्हा.

सुहास:
काका, ऑगस्टची बिलं अडकली हे दुखणं डिसेंबरला होतं यात वाद नाही, त्यामुळे 2 लाख कमीच वाटतात मला. पण उशीर करणारा गिऱ्हाईक आणि बुडणारा गिऱ्हाईक एकच नसतो. मी आधी आग लागलीच नाही असं धरून बघेन की डिसेंबरला या 40 मधले किती येतील वाटले असते. समजा 8 लाख बुडतील असं निघालं, तर आणखी 6 आकड्यात आणि बाकीचं टिपेत. त्यासाठी दिवाळखोरीच्या अर्जाला जोडलेले त्यांचे डिसेंबरचे आकडे मागव. बँकेने कर्ज तेव्हाच थांबवलं होतं का, बाकीच्या पुरवठादारांचे पैसे पण ऑक्टोबरपासून तुंबले होते का, विम्यातून किती मिळणार होतं. नुसतं साहेबांच्या तोंडचं ऑडिटर ऐकणार नाही, आणि ऐकूही नये.

एक सावधगिरी, हे गिऱ्हाईक तुमच्या विक्रीत किती आहे? म्हणजे ते गेल्याने तुमचीच कंपनी पुढे चालणार नाही अशी वेळ आली असेल तर आग कधी लागली हा प्रश्न मागे पडतो. तिथे नियमच वेगळा आहे, कंपनी चालू राहील हे गृहीत धरून मांडलेला अख्खा ताळेबंदच बदलावा लागतो, कारण नंतरचं असलं तरी.

मेघना:
नाही नाही, विक्रीच्या दहाव्या हिश्श्याहून कमी आहे, तेवढं संकट नाही. साहेब जानेवारीत जाहीर केलेला डिव्हिडंड पण डिसेंबरच्या देण्यात दाखवा म्हणतायत.

सुहास:
तो नाही दाखवायचा. 31 डिसेंबरला तो कुणाचंच देणं नव्हता, जाहीर केल्यावर झाला. फक्त टीप.

अजित काका:
आमच्या वेळी प्रस्तावित डिव्हिडंड सर्रास ताळेबंदात दाखवायचे, ते मला चांगलं आठवतंय. आणि सुहास, त्या 6 लाखांचं मला अजून पटलेलं नाही. आगीशिवाय काय झालं असतं हे कोण सिद्ध करणार?

मेघना:
अर्जाची प्रत मागवली आहे. त्यात त्यांच्या बँकेचं 18 डिसेंबरचं एक पत्र असल्याचं ऑडिटर म्हणतोय, कर्जाबद्दलचं. हाती आलं की त्यात काय आहे ते इथे लिहिते.