प्रतिसाद: आभारात नेमकं काय लिहावं

> आभारात संपादकाने काय काय बदललं ते लिहावं का, की 'मोलाचं सहकार्य' पुरे?

नेमकंच लिहा. कवी टी. एस. एलियटच्या 'द वेस्ट लँड' या दीर्घकवितेच्या चौथ्या भागात एका समुद्रसफरीचं लांबलचक वर्णन होतं. कविता तपासणाऱ्या त्याच्या कवीमित्राने, एझ्रा पाउंडने, ते उडवलं. उरल्या फ्लीबस नावाच्या बुडालेल्या खलाशाच्या १० ओळी. हिरमुसलेल्या एलियटने विचारलं, मग याही काढू का? पाउंडने ठामपणे सांगितलं, फ्लीबस हवाच. काय ठेवायचं हे ज्याला कळतं, तो संपादक मला जास्त मोठा वाटतो. कविता १९२२ साली आली, पाउंडच्या नावाची अर्पणपत्रिका १९२५ साली छापली गेली. पुढे १९३८ साली एलियटने लिहिलं, की बऱ्यावाईट तुकड्यांच्या गोंधळातून पाउंडने कविता घडवली. तुम्हीही कुठलं प्रकरण गळालं आणि कुठलं संपादकाच्या आग्रहाने शाबूत राहिलं, ते नावानिशी लिहा.