मदत हवी आहे: डिझायनरशी करार करतोय, लोगोची मालकी नक्की कोणाची?

द्राक्षवाला_पिंपळगाव: घरचा बेदाणा पाकिटांत विकायचा आहे. नाशिकच्याच एका फ्रीलान्सरला लोगो आणि दोन पाउचचं डिझाइन देतोय, 24,000 ठरलेत. त्याच्या मसुद्यात एवढंच आहे: "दोन करेक्शन्स मोफत, निम्मे पैसे आगाऊ, काम झाल्यावर फाइल्स दिल्या जातील." फाइल्स मिळाल्या म्हणजे लोगो आमचा ना?

सिडकोकर: 500 च्या स्टॅम्पवर सह्या घ्या, नोटरी करा, विषय संपला. पैसे मोजले की वस्तू आपली.

वकीलीणबाई: सिडकोकर, स्टॅम्प घ्यावाच, पण त्याने मालकी येत नाही. पगारी माणसाने नोकरीचा भाग म्हणून लोगो केला तर तो मालकाचा. फ्रीलान्सरने केलेला मात्र त्याचाच राहतो, तो लेखी देऊन टाकेपर्यंत. त्यावर त्याची सही लागते (कॉपीराइट कायदा 1957, कलम 19). पुढची गंमत अशी की मुदत लिहिली नाही तर हक्क 5 वर्षांपुरतेच मिळतात आणि प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरतेच. उद्या माल दुबईला गेला तर? शिवाय घेतलेला हक्क वर्षभरात वापरला नाही तर तो परत जातो. तुमचा दुसरा पाउच दोन वर्षांनी बाजारात आला तर तिथेच अडकाल. म्हणून असं लिहा:

"पूर्ण रक्कम मिळताच लोगो व दोन्ही पाउचच्या अंतिम डिझाइनचे सर्व कॉपीराइट हक्क, कॉपीराइटच्या पूर्ण मुदतीसाठी आणि जगभरासाठी, क्लायंटकडे जातील. वर्षभरात वापर न झाल्यास हक्क परत जाण्याची तरतूद लागू नाही."

काम सुरू होण्याआधी सही केली तरी चालते, डिझाइन तयार झालं की ते लागू होतं.

गोदाकाठ: ब्रँडच्या नावाची नोंदणी करायला किती खर्च येतो? माझं नाव दुसऱ्यानेच घेतलंय.

द्राक्षवाला_पिंपळगाव: दादा, त्याचा वेगळा धागा काढा की.

रेघोट्या: मी याच धंद्यात आहे, दुसरी बाजू सांगते. "दोन करेक्शन्स" यावर भांडण ठरलेलं. माझ्या एका क्लायंटने रोज एकेक मेसेज टाकला आणि शेवटी "हिरवा नको, सगळंच नवीन करा" म्हणून त्यालाही करेक्शनच म्हटलं! एक फेरी म्हणजे सगळे बदल एकाच यादीत, आणि नवीन कल्पना मागितली तर वेगळे पैसे, असं लिहा. पाउचवरचा मजकूर, वजन, FSSAI क्रमांक तुम्ही आधी पक्का करून द्या. नंतरचा बदल ही वेगळी फेरी. पैसे मी असे घेते: सुरुवातीला 9,600, कल्पना पसंत पडली की 7,200, अंतिम फाइल्स देण्याआधी उरलेले 7,200. नापसंत कल्पना माझ्याकडेच राहतात.

वकीलीणबाई: ते रास्तच आहे. फक्त फॉन्ट आणि विकत घेतलेली चित्रं डिझायनरची नसतात, ती तो देऊ शकत नाही. त्यांचा परवाना क्लायंटच्या नावावर घ्यायचा, खर्च कोणाचा तेही लिहायचं.

द्राक्षवाला_पिंपळगाव: हे वाचून त्याला फोन केला. हक्क द्यायला तयार आहे, पण बदल करता येतील अशी मूळ फाइल हवी तर 6,000 जादा म्हणतो. हक्क आमचे झाल्यावर मूळ फाइल वेगळी कशी?

रेघोट्या: मीही वेगळी लावते. प्रिंटरला पीडीएफ पुरते.

वकीलीणबाई: हक्क देणं आणि फाइल देणं या दोन गोष्टी आहेत, करारात नाव घेतलं नसेल तर त्याने मूळ फाइल द्यायलाच हवी असं ठाम सांगता येणार नाही. सही करण्याआधी घासाघीस करा, नंतर तुमच्या हातात काही नाही.