ऑनलाइन भेटीगाठींचे कार्यक्रम: कोण गवसलं, कोण निसटलं?

वसमतची_हळद
आज कपाट आवरताना २०२१ची वही निघाली. एका पानावर नुसतं "पुणे, मसाले, ताई". पोटात कालवलं. झूमवर खरेदीदारांची भेट होती. मग सगळ्यांना छोट्या छोट्या खोल्यांत वाटलं, म्हणजे ब्रेकआउट रूममध्ये. आमच्या रूममध्ये आम्ही चौघं, वेळ दहा मिनिटं. ताईंना पॉलिश न केलेली हळद पाहिजे होती. त्यांनी नंबर चॅटमध्ये टाकला, मी म्हटलं नंतर उतरवून घेऊ. साठ सेकंदांची उलटी मोजणी सुरू झाली तरी मी बोलतच. मग मुख्य खोली, आभार, कार्यक्रम संपला. चॅटही गेलं. तुमचे अनुभव सांगा.

औंढेकर
आमच्याकडं नेटवर्कच नाही ताई. रूममधून फेकला गेलो, परत आलो तर मुख्य खोलीत मी आणि होस्टच. होस्टला चॅटवर लिहिलं, तेव्हा कुठं त्यांनी आत सोडलं.

जालना_बियाणे
रेकॉर्डिंग मागवायचं की. त्यात सगळं येतं.

लातूरची_माय
नाही दादा. मी असे कार्यक्रम चालवते. क्लाउड रेकॉर्डिंग बहुधा मुख्य खोलीचंच होतं, रूममधलं त्यात येईलच असं नाही. आणि चॅट सेव्ह करायचं तर होस्टनं परवानगी ठेवलेली पाहिजे.
आपली ओळख फोनच्या नोट्समध्ये आधीच लिहून ठेवायची. नाव, गाव, काय विकता, नंबर, दोन ओळीत. पण रूम उघडल्याबरोबर टाकू नका. उशिरा आलेल्याला आधीचं चॅट दिसत नाही. चौघं जमले की टाका. दुसऱ्याचा नंबर तिथल्या तिथं कागदावर, शेजारी त्यांनी विचारलेली एक गोष्ट.

वसमतची_हळद
पुढच्या खेपेला मी हेच केलं. नाशिकच्या एकांनी विचारलं होतं, पाव किलोचं पाकीट मिळेल का. त्याच दिवशी संध्याकाळी सहाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं: "नमस्कार, दुपारी झूमवर आपण चौघं होतो, वसमतची हळदवाली. पाव किलोचं पाकीट आहे, फोटो जोडलाय. नमुना कोणत्या पत्त्यावर पाठवू?" तासाभरात पत्ता आला. आजही माल जातो.

परभणी_शिक्षिका
स्वयंपाक करता करता वाचायलेय. पाव किलो केवढ्याला? मलापण पाहिजे.

जालना_बियाणे
रेकॉर्डिंगचं माहीत नव्हतं, बरं झालं. पण त्याच दिवशी व्हॉट्सअ‍ॅप म्हणजे घाई वाटत नाही का? मी मेल करतो, दोन दिवसांनी.

लातूरची_माय
दोन दिवसांत चेहरा विसरतो माणूस. त्या दिवशी त्यांनी असे वीस जण पाहिलेले असतात.

औंढेकर
रात्री नऊनंतर आलेला मेसेज मला तरी आवडत नाही. आमच्याकडं लाइटच तेव्हा येते, मग करावं काय?

वसमतची_हळद
परभणीच्या ताई, इनबॉक्समध्ये बोलू.