‘पुण्याला राहतो’ मधला ‘राहतो’ लाल का झाला?

ओवी:
माझी जाऊ हैदराबादची. मराठी शिकतेय आणि वाचताना सारखी विचारते, ‘हा शब्द इथे कसा काय?’ तिच्यासाठी मी एक छोटी खटपट केली आहे. वाक्य द्यायचं, छोटं खुलं भाषा-मॉडेल प्रत्येक शब्द किती अपेक्षित होता ते सांगतं, आणि जो शब्द त्याला अनपेक्षित वाटतो तो लाल होतो. जितका अनपेक्षित तितका गडद.

‘माझा भाऊ पुण्याला राहतो’ हे वाक्य दिलं तर ‘राहतो’ गडद लाल आला. ‘माझा भाऊ पुण्यात राहतो’ यात तोच शब्द जवळजवळ पांढरा. जावेने लगेच वहीत लिहून घेतलं की ‘पुण्याला राहतो’ चूक. आमच्या घरी तर सगळे असंच बोलतात. नक्की चूक कोणाची? आणि चूक असलीच तर ती ‘ला’ ची आहे, मग लाल ‘राहतो’ का?

खडूफळा:
अनपेक्षित भाव दाखवणाऱ्या शब्दांना केवलप्रयोगी अव्यये म्हणतात. अबब, अरेच्चा, अगंबाई, बापरे, ही आश्चर्याची. ‘राहतो’ हे क्रियापद आहे, ते या गटात येणार नाही. तुमच्या यंत्राचा व्याकरणाचा पाया कच्चा दिसतो.

ओवी:
काका, शब्दात आश्चर्य आहे असं नाही. वाचणाऱ्याला तो शब्द तिथे येईल असं वाटलं नव्हतं, या अर्थाने.

नारळीकट्टा:
सोपं आहे. मॉडेलने जो शब्द कमी वेळा पाहिला तो लाल. ‘राहतो’ त्याच्या वाचनात कमी आला असेल. मराठी मजकूर कमीच असतो यांच्याकडे.

बिटबिट:
नारळीकट्टा, अर्धं बरोबर. मराठी कमी असते हे खरं. पण ‘राहतो’ दुर्मीळ असता तर तो दोन्ही वाक्यांत लाल झाला असता. मॉडेल शब्द एकूण किती वेळा येतो ते मोजत नाही. डावीकडचं सगळं वाचून पुढे काय येईल याचा अंदाज बांधतं, आणि त्या अंदाजात खऱ्या शब्दाला किती वाटा मिळाला होता ते आपण बघतो.

ओवी, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही त्या ‘डावीकडचं’ मध्येच आहे. ‘माझा भाऊ पुण्याला’ इथपर्यंत वाचलंत तर काहीच बिघडलेलं नसतं. पुढे ‘गेला’, ‘निघाला’, ‘येतोय’ काहीही येऊ शकतं. ‘ला’ वर संशय घ्यायला कारणच नाही. ‘राहतो’ आल्यावर मात्र अंदाज फसतो, म्हणून रंग तिथे पडतो. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे प्रत्ययाची गडबड असली तरी लाली बहुतेक वेळा क्रियापदावर दिसणार. शिकणाऱ्याला हे आधी सांगून ठेवा, नाहीतर ती क्रियापदंच बदलत बसेल.

मॉडेल कोणतं वापरताय आणि आकडे कसे काढताय?

ओवी:
ब्लूम, त्यातलं सगळ्यात लहान. लॅपटॉपवर चालतं, ग्राफिक्स कार्ड लागत नाही. हे बघा:

```python
import torch
from transformers import AutoTokenizer, AutoModelForCausalLM

name = "bigscience/bloom-560m"
tok = AutoTokenizer.from_pretrained(name)
model = AutoModelForCausalLM.from_pretrained(name).eval()

text = "माझा भाऊ पुण्याला राहतो."
ids = torch.tensor([[tok.eos_token_id] + tok(text).input_ids])
with torch.no_grad():
    lp = model(ids).logits.log_softmax(-1)

for i in range(1, ids.shape[1]):
    t = ids[0, i]
    print(repr(tok.decode(t)), -lp[0, i-1, t].item() / 0.6931)
```

शेवटचा भागाकार लॉगचा पाया 2 करण्यासाठी, म्हणजे आकडा बिटमध्ये मिळतो. 1 बिट म्हणजे शक्यता निम्मी, 3 बिट म्हणजे आठात एक, 10 बिट म्हणजे साधारण हजारात एक.

बिटबिट:
छान. दोन जागा लोक हमखास चुकवतात, त्या तुम्ही सांभाळल्यात. सुरुवातीला `eos_token_id` जोडलंय, कारण ब्लूम स्वतःहून सुरुवातीची खूण लावत नाही आणि मग पहिल्या शब्दाच्या डावीकडे काहीच नसल्याने त्याचा आकडाच निघत नाही. आणि `i-1` बरोबर आहे. तिथे `i` टाकलं तर प्रत्येक शब्दाची तुलना त्याच्या पुढच्या शब्दाच्या अंदाजाशी होते. ओळखायची खूण अशी की मग ‘आहे’सारखे बापुडे शब्दसुद्धा लालभडक होतात.

आता शब्दाचा आकडा कसा काढता? कारण छापून येतात ते शब्द नाहीत, तुकडे आहेत.

ओवी:
तेच अडलंय. ‘पुण्याला’चे तुकडे पडले तर मी त्यांची सरासरी घेते.

नारळीकट्टा:
सरासरीच घ्यायची. नाहीतर लांब शब्द उगाच लाल होतील. आणि ब्लूम कशाला, जीपीटी-2 घ्या. 2019 चं आहे, ब्लूमच्या चौथाईपेक्षा लहान, पटकन चालतं.

बिटबिट:
जीपीटी-2 मराठीला घेऊ नका. त्याचा तुकडे पाडणारा नियम आधी अक्षरं आणि अक्षर नसलेली चिन्हं वेगळी काढतो, आणि युनिकोडच्या हिशेबात काना, उकार, हलन्त ही ‘अक्षरं’ नाहीत. ‘पुण्याला’ म्हणजे प, उकार, ण, हलन्त, य, काना, ल, काना. आठही सुटे, म्हणजे किमान 8 तुकडे. ब्लूमचा नियम मात्रांवर शब्द तोडत नाही, आणि ते शिकवलेल्या 46 भाषांत मराठी आहे. वाटा मात्र फार थोडा, 0.05 टक्के. हिंदीचा 0.7. त्यामुळे त्याच्या मताला किती किंमत द्यायची ते ध्यानात ठेवा.

सरासरीबद्दल. समजा ‘पुण्या’ ला आठात एक शक्यता मिळाली, आणि तो आल्यावर ‘ला’ ला दोनात एक. अख्ख्या शब्दाची शक्यता दोन्हींचा गुणाकार, सोळात एक. बिटमध्ये 3 आणि 1, बेरीज 4. सरासरी घेतलीत तर 2, म्हणजे चारात एक, आणि ती कशाचीच शक्यता नाही. शब्दाचा आकडा हवा असेल तर बेरीजच.

नारळीकट्टा:
मग मॉडेलला एखादा साधा मराठी शब्द अख्खा माहीत नसला आणि त्याने त्याचे पाच तुकडे केले, तर तो लाल होणार. तो दोष मॉडेलचा, शब्दाचा नाही. शिकणाऱ्या बाईला त्याचा काय उपयोग?

बिटबिट:
हा मुद्दा खरा आहे. गणित बेरजेच्या बाजूने आहे, पण रंग कशाला द्यायचा हा निर्णय गणिताचा नाही. मी स्वतः शब्दावर बेरजेचा रंग देतो आणि बोट ठेवल्यावर तुकड्यांचे आकडे दाखवतो. मूळ शब्दावर बिट खर्च झाले की प्रत्ययावर ते त्यातून कळतं.

एक बारीक गळती मात्र दोन्ही पद्धतींत राहते. ब्लूममध्ये मोकळी जागा पुढच्या शब्दाला चिकटलेली असते. ‘घर’ तुकडा आला तेव्हा शब्द तिथेच संपतोय की पुढे ‘ची’, ‘चं’ लागणार, हे त्या तुकड्याच्या आकड्यात नसतं. ते पुढच्या शब्दाच्या माथी जातं. नेटका उपाय असा की पुढचा तुकडा मोकळ्या जागेने किंवा विरामचिन्हाने सुरू होण्याची एकूण शक्यता काढायची, तिचे बिट आधीच्या शब्दात घालायचे आणि पुढच्यातून वजा करायचे. प्रत्यय जोडून लिहिणाऱ्या भाषेत याने फरक पडतो.

दूरदेशी:
मी स्टुटगार्टला मुलांची रविवारची मराठी शाळा चालवते (बघा, ‘स्टुटगार्टला’ लिहिलंच!). असंच एक साधन गोष्टींवर चालवून पाहिलं. एका गोष्टीत ‘वाऱ्यावर’, ‘दुसऱ्या’, ‘साऱ्या’ सगळे लाल. अवघड काहीच नाही त्यांत. असं का?

बिटबिट:
तो मजकूर जुना टंकलेला आहे का? अर्धा ऱ पूर्वी बरेच जण र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह असा टाइप करत. आता ‘ऱ’ हे वेगळं अक्षर आणि हलन्त असा होतो. पडद्यावर दोन्ही एकसारखे दिसतात, मॉडेलला मात्र ते दोन निरनिराळे शब्द असतात. मोजण्याआधी `text.replace("\u0930\u094d\u200d", "\u0931\u094d")` एवढं करून बघा. लाली उतरली तर कारण हेच.

दूरदेशी:
उतरली! पण ‘होतं’, ‘गेलं’, ‘सांगितलं’ अजून गुलाबीच आहेत.

बिटबिट:
ते वेगळं. मॉडेलने वाचलेल्या लेखी मराठीत ‘होते’, ‘गेले’ भरपूर असणार. बोलीतला अनुस्वार त्याला परका वाटतो. ते दुरुस्त करायला जाऊ नका.

खडूफळा:
मुद्द्यावर येऊ. नियम स्पष्ट आहे. राहण्याचं ठिकाण हे अधिकरण, त्याला सप्तमी. ‘पुण्यात राहतो’. यंत्राने बरोबर जागी बोट ठेवलं, भले शेजारच्या शब्दावर ठेवलं असेल.

दूरदेशी:
काका, आमचे वडील ‘मी कोल्हापूरला शिकलो’ म्हणायचे. ‘भाऊ पुण्याला असतो’ हे तर कोण म्हणत नाही? माझ्या कानाला फरक असा वाटतो: पुण्यात बसून बोलणारा ‘पुण्यात राहतो’ म्हणेल, आणि नागपुरात बसून भावाबद्दल सांगणारा ‘पुण्याला’. बाहेरून बघितलं की गाव एक ठिपका असतं.

खडूफळा:
‘मी या शहराला राहतो’ म्हणाल का?

दूरदेशी:
नाही. ‘खोलीला राहतो’ पण नाही. गावाच्या नावालाच चालतं. ‘गावाला’ चालतं.

बिटबिट:
हे तपासण्यासारखं आहे, पण एका शब्दाचा रंग बघून नाही. अख्ख्या वाक्यांच्या बेरजा ताडून. आकडे मनचे घेतो. ‘पुण्याला’ 9 बिट आणि त्यानंतर ‘राहतो’ 7, मिळून 16. ‘पुण्यात’ 10 आणि ‘राहतो’ 3, मिळून 13. बाकी वाक्य सारखंच. नुसता ‘राहतो’ बघितला तर अंतर 4 बिट, म्हणजे सोळापट, आणि तुम्ही म्हणाल केवढा गुन्हा. पण ‘पुण्याला’ आधीच थोडा जास्त अपेक्षित होता, त्यामुळे अख्ख्या वाक्यांत अंतर 3 बिटांचं, आठपट. मग ‘शहराला राहतो’ आणि ‘शहरात राहतो’ हीच जोडी लावा. तिथलं अंतर पुण्याच्या जोडीपेक्षा बरंच मोठं निघालं, तर मॉडेलला दूरदेशींचा भेद कुठेतरी कळलाय. सारखंच निघालं तर त्याला फक्त ‘ला’ नंतर जाण्या-येण्याची क्रियापदं माहीत आहेत. एका जोडीवर भिस्त नको, नाशिक, सातारा, नागपूर अशी पाचदहा नावं घ्या.

खडूफळा:
आणि यंत्राला भेद कळला नाही, तर तो भाषेत नाही असं ठरणार का?

बिटबिट:
अजिबात नाही. एवढ्याशा मराठीवर वाढलेलं मॉडेल ते. त्याला ‘कळलं’ तर थोडा पुरावा, नाही कळलं तर काहीच सिद्ध होत नाही.

ओवी:
जावेला वहीतलं ‘चूक’ खोडायला सांगितलं. तिने तिथे ‘आधी विचारायचं’ असं लिहिलंय. आज रात्री दहा गावांच्या जोड्या चालवते. ‘असतो’ पण घेऊ का यादीत? ‘पुण्याला असतो’ लाल झाला नाही तर काकांच्या नियमाचं काय करायचं?

खडूफळा:
घ्या. ‘असतो’ची गोष्ट वेगळी आहे, पण आधी आकडे येऊ द्यात.